रेट्रोआधी काय पाहायचं: स्टेटसमधला वेळ की अडथळ्यांच्या नोंदी?

‘रिव्ह्यूला फार वेळ जातो’ ही तक्रार रेट्रोत येते, बोर्डवर ‘रिव्ह्यू लवकर करूया’ असं लिहिलं जातं आणि दोन आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा येते. ‘लवकर करूया’ हे कुणाचंच काम नसतं. ते कुणाचं तरी काम व्हायला हवं असेल, तर उशीर कुठे होतो आणि का होतो, ही दोन्ही उत्तरं लागतात. जिरामधून ती काढायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक तिकीट कोणत्या स्टेटसमध्ये किती वेळ पडून होतं ते पाहणं. तिकिटाच्या हिस्टरीत प्रत्येक बदलाची वेळ आधीच नोंदलेली असते, त्यामुळे टीमला वेगळं काही करावं लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे काम अडलं की तिकिटावर फ्लॅग लावायचा आणि कारण लिहायचं. पहिल्यात ‘कुठे’ कळतं, दुसऱ्यात ‘का’.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात खराडीतली टीम, क्लायंट न्यूयॉर्कचा. समजा तीन स्प्रिंटमध्ये 24 तिकिटं बंद झाली. त्यातली 16 तिकिटं In Review मध्ये साधारण एक दिवस थांबली आणि 8 साधारण पाच दिवस. सरासरी काढली तर ती सव्वादोन दिवसांच्या आसपास येते, पण तेवढे दिवस एकही तिकीट थांबलेलं नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि तिकिटं एकेक करून मांडा. असे दोन गट दिसले, की रिव्ह्यू नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात हे लगेच लक्षात येतं.

मग त्या आठांपैकी किती तिकिटं रिव्ह्यूतून परत आली, ते या क्वेरीनं काढा:

```
project = ABC AND status changed FROM "In Review" TO "In Progress" AFTER -6w
```

समजा आठही परत आलेली निघाली. आता त्यातल्या तीन-चारांची हिस्टरी उघडून वेळा वाचा. दुपारी बारा वाजता काम रिव्ह्यूला गेलं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, म्हणून शेरा आला रात्री नऊला. आपल्या माणसानं दुसऱ्या दिवशी अकराला दुरुस्ती केली आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. अर्ध्या तासाच्या दुरुस्तीला अख्खा दिवस गेला आणि असे तीन-चार फेरे झाले. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं एक तास मागे गेली, की ही वाट आणखी तासानं लांबते. हे आठही बदल एपीआयचे होते, आणि त्यांना क्लायंटच्या आर्किटेक्टची मंजुरी लागत होती. उरलेले 16 रिव्ह्यू पुण्यातच झाले होते.

आता कृती लिहिता येते: एपीआय बदलणारं तिकीट असेल तर कोड लिहिण्याआधी एक पानी आराखडा संध्याकाळच्या कॉलमध्ये आर्किटेक्टकडून मंजूर करून घ्यायचा. जबाबदारी बॅकएंड लीडची, सुरुवात पुढच्या स्प्रिंटपासून. दोन स्प्रिंटनंतर हीच क्वेरी `-6w` च्या जागी `-4w` घालून चालवायची आणि सापडलेली अशी तिकिटं एकापेक्षा जास्त वेळा परत आली का, ते त्यांच्या हिस्टरीत पाहायचं. फेरे घटले नाहीत तर निदान चुकलं असं समजायचं आणि हिस्टरी पुन्हा उघडायची.

पण या मार्गाची एक मर्यादा आहे. स्टँडअपच्या पाच मिनिटं आधी सगळी तिकिटं पुढे सरकवायची सवय बऱ्याच टीमना असते. एकाच तिकिटाचे तीन स्टेटस एका मिनिटात बदललेले दिसले, तर त्या वेळांवर विश्वास ठेवू नका. शिवाय शनिवार-रविवारही मोजले जातात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी रिव्ह्यूला गेलेलं तिकीट उगाच वाईट दिसतं.

फ्लॅगचा मार्ग इथे उपयोगी पडतो, कारण टीमबाहेरचं कारण हिस्टरीत नेहमी उमटत नाही. टेस्ट सर्व्हर बंद होता, डेटाबेसची परवानगी मिळाली नव्हती, या गोष्टी कुणीतरी लिहिल्या तरच दिसतात. कारणं पाच-सहाच ठरवा आणि फ्लॅगसोबत त्या कारणाचं लेबलही लावा. फ्लॅग काढल्यावर `Flagged is not EMPTY` या क्वेरीत ते तिकीट सापडत नाही, लेबल मात्र मागे राहतं. अडचण अशी, की मागच्या स्प्रिंटचं काहीच हाती लागत नाही. शिवाय ‘क्लायंटची वाट’ लोक चटकन लिहितात, ‘मला हा मॉड्यूल कळत नाही’ हे कुणी लिहीत नाही. त्यामुळे फ्लॅगचे आकडे नेहमी बाहेरच्यांकडे झुकतात.

रेट्रो पुढच्या आठवड्यात असेल तर मी पहिलाच मार्ग घेईन, आणि त्यातही एकाच स्टेटसची सर्वात रेंगाळलेली तिकिटं हातानं वाचीन. त्या हिस्टरीत ना फेरे दिसले ना ठरावीक वेळा, नुसतं तिकीट पडून राहिलेलं दिसलं, तर त्या स्टेटसपुरते दोन स्प्रिंट फ्लॅग लावा. सगळ्या बोर्डवर लावायला सांगितलंत तर आठवड्याभरात लोक कंटाळून सोडून देतील.