सिमवाला राउटर घरात लावताना: दांड्या नव्हे, SINR बघा

सात-आठ महिने घरातलं सगळं इंटरनेट सिमच्या ४जी राउटरवर चालू आहे. राउटर चांगलाच आहे, पण त्याची निम्मी कामगिरी तो कोणत्या खिडकीत बसतो यावर ठरते, आणि ती खिडकी समोरच्या दिव्यांवरून कळत नाही.

सुरुवात सोपी असते. सिम घातलं, एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडणारं नाव आपोआप आलं नाही तर हाताने भरलं, की नेट सुरू. पुढचं काम राउटरच्या सेटिंगच्या पानावर. पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.8.1 असतो, नेमका राउटरखालच्या स्टिकरवर सापडतो. तिथे 'Signal' किंवा 'Device information' अशा नावाखाली RSRP, RSRQ, SINR आणि PCI दिसतात.

RSRP म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते. आकडा उणे असतो, म्हणून -84 हा -97 पेक्षा चांगला. ढोबळमानाने -80 च्या आसपास उत्तम, -100 च्या खाली कमकुवत आणि -110 च्या खाली रडगाणं. SINR म्हणजे तो सिग्नल किती स्वच्छ आहे: 20 च्या वर फारच छान, 13 च्या वर चांगला, शून्याच्या जवळ आला की वेग कोसळतो.

आता आमच्या दोन खिडक्या. बेडरूमच्या खिडकीतून टॉवर समोर दिसतो. तिथे RSRP -84, पुढच्या दांड्या भरलेल्या, पण SINR जेमतेम 3 आणि डाउनलोड 12 एमबीपीएसच्या आसपास. स्वयंपाकघराच्या खिडकीत RSRP -97, दांडी एक कमी, SINR मात्र 17 आणि डाउनलोड 45 च्या घरात. दोन्ही चाचण्या सकाळी, पाठोपाठ घेतलेल्या. खात्रीसाठी राउटर परत बेडरूममध्ये नेला, तर आकडे पुन्हा तेच.

कारण PCI मध्ये सापडलं. सेल म्हणजे टॉवरचा एका दिशेला सिग्नल देणारा भाग, आणि हा प्रत्येक सेलचा ओळखक्रमांक. बेडरूममध्ये तो दर थोड्या वेळाने दोन आकड्यांमध्ये उड्या मारत होता, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन सेल तिथे जवळपास सारख्याच जोरात पोचत होते. दोन माणसं एकाच वेळी तेवढ्याच आवाजात बोलायला लागली की कान कितीही तीक्ष्ण असले तरी एकाचंही धड ऐकू येत नाही, तसं. स्वयंपाकघराच्या बाजूला आमचीच भिंत दुसऱ्या सेलला आडवी येते. आपल्या सेलचा जोर 13 डेसिबलने घटला, पण त्या भिंतीने दुसऱ्याचा त्याहून कितीतरी जास्त घटवला. PCI स्थिर झाला आणि वेग वाढला.

RSRQ म्हणजे सिग्नलचा दर्जा, पण त्याकडे मी जपूनच बघतो. त्यात आपल्या सेलवरची गर्दीही मिसळलेली असते, त्यामुळे मोठी फाइल डाउनलोड करताना तो आपोआप खाली येतो. दोन जागांची तुलना त्यावरून करायचीच असेल तर दोन्हीकडे सारखीच स्थिती हवी, एकतर नेट मोकळं किंवा दोन्हीकडे डाउनलोड चालू.

जागा शोधताना घाई नको. राउटर हलवला की आकडे मिनिटभर नाचतात, ते बसू द्यायचे. खिडकी तीच ठेवून राउटर पाव वळसा फिरवला तरी SINR दोन-तीनने बदलतो, कारण आतले अँटेना सगळीकडे सारखं ऐकत नाहीत. काचही बघा. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तो सिग्नलही अडवतो. खिडकी उघडून RSRP दहा-पंधराने सुधारला तर दोष टॉवरचा नाही. धातूच्या जाळीचंही हेच.

एक मात्र, SINR च्या मागे लागून RSRP अगदी सोडून देता येत नाही. अपलोडला राउटरची स्वतःची ताकद लागते, आणि ती साधारण 200 मिलिवॉटवर थांबते. -97 ला आमचे व्हिडिओ कॉल नीट चालतात. -112 च्या कोपऱ्यात मात्र आपल्याला सगळे स्पष्ट ऐकू येतात आणि आपला आवाज समोर तुटत पोचतो.

कडक उन्हाच्या खिडकीत राउटर तापतो आणि मंदावतो, म्हणून तो आता चौकटीच्या सावलीत आहे. वाय-फाय मागच्या खोलीत पोचेना, तेव्हा राउटर न हलवता लॅनची केबल टाकून आत एक ॲक्सेस पॉइंट बसवला.

संध्याकाळचं दुखणं मात्र खिडकी बदलून जात नाही. तेव्हा RSRP तसाच राहतो, SINR 17 वरून 11 वर येतो कारण शेजारचे सेल गजबजतात, आणि डाउनलोड 15 ते 20 वर उतरतं. RSRP जागच्या जागी असताना वेग फक्त ठरावीक वेळी पडत असेल, तर राउटर घेऊन घरभर फिरू नका. त्याच जागी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून त्याच वेळी चाचणी घ्या.