सातव्या महिन्यात बंद झालेला ओपन बाइट पाच महिन्यांत पुन्हा उघडला

मुलगी २१ वर्षांची. दाढा घट्ट मिटल्या तरी पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ४ मिलिमीटरची फट राहायची. यालाच ओपन बाइट म्हणतात. पुढच्या दातांनी घास तुटायचा नाही, मान वाकडी करून बाजूच्या दातांनी ओढावा लागायचा. ‘स’ म्हणताना जीभ बाहेर डोकवायची. क्लिनिकमध्ये तिला सांगितलं गेलं, की सहा महिन्यांत फट बंद, गॅरंटीसकट. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी घेतली. तपासणी म्हणजे ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एक एक्स-रे, आणि मोबाइलवरचे दोन फोटो. सातव्या महिन्यात फट खरंच बंद झाली, ब्रेसेस काढल्या, फोटो काढून झाला. दात जागी धरून ठेवण्यासाठी रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर हातात देऊन तिला निरोप दिला गेला. पुढच्या पाच महिन्यांत फट पुन्हा २ मिलिमीटर उघडली. शिवाय आधी नव्हती अशी एक गोष्ट चेहऱ्यावर आली होती: हसली की हिरड्यांची रुंद पट्टी दिसायची.

यात फसवणूक नेमकी कुठे झाली, हे समजलं तर पुढच्या माणसाला ती पहिल्या भेटीतच पकडता येईल. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पुढची फट दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडते. एक म्हणजे पुढचे दात पुरेसे बाहेर आलेलेच नसतात. लहानपणी अंगठा तासन्‌तास तोंडात असेल तर तो पटाशीच्या दातांची वाट अडवतो, वरचे दात पुढे ढकलतो आणि खालचे आत दाबतो. अंगठ्यामुळे जबडे उघडे राहतात, तेवढ्या वेळात दाढांना मात्र वाढायला मोकळीक मिळते. इथे अंगठा किती जोरात चोखला यापेक्षा दिवसातून किती तास चोखला, हे महत्त्वाचं असतं. पक्के पटाशीचे दात पूर्ण येण्याआधी सवय सुटली, तर अशी फट पुष्कळदा आपोआप भरून येते.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या दातांचा दोष नसतो. जबड्याची वाढच खाली आणि मागे वळत गेलेली असते. नाकापासून हनुवटीपर्यंतचा भाग लांब, ओठ मिटायला जोर लागतो, आणि मागच्या दाढा गरजेपेक्षा जास्त खाली उतरलेल्या असतात. दाराच्या बिजागरीपाशी खडा अडकला की दुसऱ्या टोकाला मोठी फट राहते, तसंच इथे होतं. दोष मागे असतो, दिसतो पुढे.

हे दोन प्रकार आरशात सारखेच दिसतात. ते वेगळे ओळखायला बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रे लागतो, त्याला लॅटरल सेफ म्हणतात. त्यावर खालच्या जबड्याच्या कडेचा उतार मोजतात. कवटीच्या तळाच्या रेषेशी हा कोन सरासरी ३२ अंश असतो. या मुलीचा नंतर मोजला तेव्हा तो ४२ अंश निघाला. म्हणजे तिची फट उघडउघड दुसऱ्या प्रकारची होती. पहिल्या ठिकाणी हा एक्स-रे काढलाच नव्हता, आणि ओपीजीवर हा कोन असा मोजता येत नाही.

यंत्राशिवाय करता येणारी एक तपासणी मात्र कुणीही करू शकतो. ओठ सैल सोडायचे, हसायचं नाही, जबडा ढिला ठेवायचा. वरच्या ओठाखाली पुढचे दात किती दिसतात ते छोट्या पट्टीने मोजायचं. तरुण मुलींमध्ये साधारण ३-४ मिलिमीटर दिसतात. दात जवळजवळ दिसतच नसतील तर ते खाली ओढून फट बंद करणं रास्त आहे, चेहराही सुधारतो. या मुलीचे उपचाराआधीच ४ मिलिमीटर दिसत होते. वरच्या दातांना आणखी खाली यायला जागाच नव्हती.

तरीही क्लिनिकने सर्वांत सोपी वाट धरली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये उभी रबरं अडकवून दिली. रात्रंदिवस घालायची, जेवताना तेवढी काढायची. रबरांनी वरचे दात सुमारे ३ मिलिमीटर खाली आणि खालचे सुमारे २ मिलिमीटर वर ओढले. एकूण ५, म्हणजे ४ ची फट भरून वरच्या दातांचं खालच्यांवर १ मिलिमीटर झाकणही आलं. हिशेब जुळला, पण ज्या दाढांनी जबडा उघडा धरला होता त्या जागच्या जागीच राहिल्या. दातांबरोबर हिरडीही खाली उतरली, म्हणून हसताना ती दिसू लागली. रबर खाली ओढतंय आणि जीभ उलटीकडे ढकलतेय, अशी ओढाताण महिनोन्‌महिने चालली की मुळांच्या टोकांना ती सोसत नाही. नंतरच्या ओपीजीत वरच्या मधल्या दोन दातांची मुळं टोकाला बोथट आणि आखूड झालेली दिसली. मूळ एकदा झिजलं की पुन्हा वाढत नाही. या सगळ्या प्रकरणात सर्वांत वाईट वाटतं ते याचंच.

आता फट परत का आली? तिला तुटकं उत्तर मिळालं होतं, की तू रिटेनर नीट घातला नाहीस. रिटेनर ती रोज रात्री घालत होती. पण दिवसभर तिची जीभ दातांच्या मध्ये विसावलेली असायची. समोर गप्प बसलेल्या माणसाकडे दोन मिनिटं लक्ष दिलं तरी हे दिसतं: ओठ किंचित उघडे, आणि दातांच्या फटीत जिभेची ओली कड. गिळताना जीभ पुढे येते यालाच अनेकजण दोष देतात, पण गिळणं सेकंदभराचं काम. तासन्‌तास हलका रेटा देणारी विश्रांतीची जागा दातांना हलवते. तोंडाने श्वास घेणाऱ्यांची जीभ बहुधा अशीच खाली आणि पुढे राहते. म्हणून नाक बंद राहतं का, घोरणं आहे का, नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढलेल्या आहेत का, हे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावं लागतं. या मुलीला यातलं काहीच विचारलं गेलं नव्हतं.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला होता: फट लहानपणापासून आहे, की अलीकडे पडली? जुन्या फोटोंत दात नीट मिटलेले असतील आणि फट मोठेपणी वाढत गेली असेल, तर जबड्याच्या सांध्याचं हाड झिजत असू शकतं. ते थांबल्याची खात्री होईपर्यंत दात हलवणं म्हणजे सरकत्या जमिनीवर भिंत बांधणं. हिच्या शाळेतल्या फोटोंतही फट होती, म्हणून ही शंका सुदैवाने मिटली.

क्लिनिकच्या भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’ फोटोंबद्दल सांगायलाच हवं, कारण ही मुलगी त्यांनाच भुलली. ओपन बाइटचा फोटो दातांच्या पातळीवरूनच घ्यावा लागतो. कॅमेरा थोडा वर धरला की वरचे दात खालच्यांवर आलेले भासतात आणि लहान फट गायब होते. ‘आधी’च्या फोटोत कॅमेरा खालून आणि ‘नंतर’च्या फोटोत वरून असेल तर त्या जोडीला काही अर्थ नाही. दुसरं म्हणजे, ‘नंतर’चा फोटो कधीचा? ब्रेसेस काढल्या त्या दिवशी प्रत्येक ओपन बाइट बंदच असतो. वर्षभरानंतरचा फोटो मागा. शिवाय दाढा मिटलेल्या दिसतील असा बाजूचाही फोटो मागा, कारण खालचा जबडा पुढे सरकवून पुढचे दात टेकवता येतात.

डीप बाइटमध्ये हाच फसवा हिशेब उलट्या बाजूने होतो. तिथे वरचे दात खालच्यांना फार झाकतात. सर्वसाधारणपणे झाकण २-३ मिलिमीटर असतं. डीप बाइटमध्ये खालचे दात कधी कधी टाळूच्या हिरडीला टोचून जखम करतात. कारण कधी जबड्याची आडवी, आखूड वाढ, तर कधी पुढचे दात जास्त बाहेर आलेले. सैल ओठाखाली वरचे दात मुळातच कमी दिसत असतील आणि तरीही कुणी तेच वर सरकवले, तर झाकण कमी होतं पण माणूस अकाली वयस्क दिसू लागतो. तिथे खालचे दात आत बसवायचे किंवा दाढा हिरडीतून थोड्या बाहेर आणायच्या असतात. अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे, घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: प्लॅस्टिक दाढांच्या मध्ये येतं आणि चावताना त्यांना किंचित आत दाबतं. लहान ओपन बाइटला ते मदतच करतं, डीप बाइटला मात्र आडवं येतं. दोन्हींसाठी एकच योजना सांगणाऱ्याने तुमचं तोंड पाहिलेलं नाही, असंच समजा.

मग या मुलीसाठी पहिल्या दिवशी काय सांगायला हवं होतं? वरच्या दाढा वर दाबणं. त्यासाठी हाडात मिनी-स्क्रू बसवतात, त्यांचा आधार घेऊन दाढांना हलका, सततचा ताण देतात. दाढा १ मिलिमीटर वर गेल्या की जबडा फिरून पुढची फट साधारण २-३ मिलिमीटर मिटते. म्हणजे ४ ची फट भरून वर थोडं झाकण यायला दाढा २ मिलिमीटर किंवा किंचित जास्त सरकल्या तरी पुरे. त्याच वेळी खालच्या दाढा वर येऊ नयेत याची सोय करावी लागते, नाहीतर मिळवलेलं सगळं तिथे गळतं. एकूण उपचार दीड-दोन वर्षांचा. फट फार मोठी आणि चेहरा फार लांब असेल तर वरचा जबडा शस्त्रक्रियेने वर घेण्याचा पर्यायही समोर ठेवायलाच हवा, रुग्णाने तो नाकारला तरी. जिभेचे व्यायाम उपचाराबरोबरच सुरू करायचे: वरच्या दातांमागच्या खरबरीत उंचवट्यावर जिभेचं टोक टेकलेलं, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. इतकं करूनही थोडी फट परतू शकते, आणि प्रामाणिक ऑर्थोडॉन्टिस्ट हे आधीच सांगतो. दातांच्या उपचारात ‘परत येणार नाही’ची गॅरंटी देता येत नाही.

रबरं सध्या चालू असणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी सैल ओठाखालचे दात मोजून लिहून ठेवावेत. फट कमी होतेय आणि हा आकडा वाढतोय, तर पुढच्या भेटीत तिथेच थांबून विचारा. सहा-सात महिन्यांनी मुळांचा एक्स-रे मागा. आपले एक्स-रे, साचे आणि फोटो यांच्या प्रती पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवा. या मुलीला ‘आधी’चा ओपीजी मिळवायला चार फेऱ्या माराव्या लागल्या, आणि मुळं किती झिजली हे त्याच्याशी ताडूनच कळलं.

तिचा दुसरा उपचार लगेच सुरू करता आला नाही. आखूड झालेल्या मुळांना विसावा म्हणून सहा महिने तारेविना गेले, तेवढ्यात फक्त जिभेचे व्यायाम आणि नाकाचा उपचार. आता दाढांवर मिनी-स्क्रू बसले आहेत. पुढच्या चार दातांवर ब्रॅकेट मुद्दाम लावलेले नाहीत.