12 टक्के सांगून 27 टक्क्यांनी लुबाडलं

मुलीच्या हॉस्टेलचं डिपॉझिट आठ दिवसांत भरायचं होतं, हे आधीच सांगते. हौस म्हणून कर्ज काढलं नव्हतं.

बँक 14 टक्के म्हणाली. सिंहगड रस्त्यावरच्या फायनान्सवाल्याचा एजंट म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे फक्त 12." एक लाख, 24 महिने, हप्ता 5,167. त्याने माझ्यासमोर कॅल्क्युलेटरवर लाखाचे वर्षाला 12 हजार, दोन वर्षांचे 24 हजार केले, ते लाखात मिळवले आणि 24 ने भागलं. मी मान डोलावली. त्याच वेळी माझ्या पर्समध्ये बँकेची चिठ्ठी होती: तेवढीच रक्कम, तेवढीच मुदत, हप्ता 4,801. कमी दराचा हप्ता जास्त कसा? एवढं एक विचारलं असतं तर! मी बी.कॉम. आहे, म्हणून जास्तच जळतं.

खोट साधी आहे. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलंय. याला ते 'फ्लॅट' म्हणतात. त्यात लाख हातात आलेच नाहीत. प्रोसेसिंग फी 2,000, त्यावर जीएसटी 360, न मागितलेला विमा 2,640. खात्यात जमा झाले 95,000.

चार हप्ते गेल्यावर भाच्याने एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=RATE(24,-5167,95000)*12
```

आधी हप्त्यांची संख्या, मग हप्ता, मग हातात पडलेली रक्कम. हप्त्याआधी वजा चिन्ह हवंच, नाहीतर #NUM! येतं. उत्तर 0.27, म्हणजे वर्षाला 27 टक्के. 95,000 च्या जागी 100000 टाकलं तरी 21.6. कागदावरची रक्कम टाकू नका, खात्यात आलेली टाका. पहिला हप्ता आधीच कापून घेत असतील तर दर याहूनही वर जातो.

कस्टमर केअरला फोन केला. "12 च आहे मॅडम, फ्लॅट." फ्लॅट हा शब्द तेव्हा कुणी उच्चारला होता? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते मागितलं तर "मेल केलाय." मेल आलेला नाही. तीन वेळा मागितलं. चौकीत गेले, साहेबांनी कागद उघडलासुद्धा नाही. "सही तुमचीच ना? हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." तासभर बाकावर बसवून हे ऐकवलं! सही माझीच आहे, पण 27 आकडा दाखवून घेतलेली नाही.

की फॅक्ट स्टेटमेंट हातात पडेपर्यंत सही करू नका. आणि एजंट टक्के सांगू लागला की टक्के सोडा, त्याच रकमेचा, त्याच मुदतीचा बँकेचा हप्ता शेजारी ठेवा.

कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत दाद लागली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकणार. आज 19 वा दिवस आहे, आणि पाचवा हप्ता काल कापला गेला.