आबाजींच्या खुर्चीत दुसऱ्याच माणसाचा चेहरा: फोटो एडिटिंगमध्ये झालेली फसवणूक

घरच्या कार्यक्रमाच्या फोटोत वारलेल्या आजोबांना बसवून घ्यायचा विचार कोणी करत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. नागपुरात आमच्याकडून यासाठी दुप्पट पैसे घेतले गेले आणि फोटोत आबाजी नव्हतेच. दुकानाचं नाव लिहीत नाही. बर्डीवरच्या एका गल्लीतलं आहे, एवढंच. पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हीच पद्धत दुसरीकडेही वापरता येते.

मानेवाड्याच्या आमच्या नव्या घराचं वास्तुपूजन झालं. प्लॉट आबाजींनी घेतलेला, घर उभं राहीपर्यंत ते राहिले नाहीत. पूजेनंतर पोर्चमध्ये घरच्या अकरा जणांचा फोटो काढला, तेव्हा आजीच्या शेजारची खुर्ची आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली होती. आधी मी म्हटलं होतं, मागच्या रांगेत आबाजींना उभं दाखवू, म्हणजे खांद्यापर्यंतच दिसतील आणि काम सोपं होईल. आजी म्हणाली, "मी बसलेली अन् ते मागं उभे, असं कधी झालं का? बसवायचं असेल तर शेजारी बसवा, नाहीतर राहू द्या." तिचं म्हणणं शेवटचं. जिवंत माणसांबरोबर गेलेल्यांना एका चौकटीत दाखवणं काही घरांत आवडत नाही, म्हणून आधी तिलाच विचारलं होतं.

आबाजींचा चांगला समोरून काढलेला फोटो एकच होता, बँकेसाठी काढलेला रंगीत पासपोर्ट साइज. मागे त्यांची शाईतली सही. दुकानदाराने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "क्वालिटी एकदम डाऊन आहे ताई. चेहरा फुटेल. एनहान्समेंट करावीच लागेल." आधी साडेतीन हजार ठरले होते, त्यावर एनहान्समेंटचे दोन हजार लावले.

फसवणूक इथून सुरू झाली. गणित साधं आहे. बारा बाय अठरा इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल धरून काढायची, तर फोटोची रुंदी ५४०० पिक्सेल लागते. आमच्या फोटोग्राफरची मूळ फाइल ६००० बाय ४००० होती, म्हणजे तिथे अडचण नव्हती. अकरा जणांच्या अशा फोटोत एकेका माणसाचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत कागदावर जेमतेम दोन सेंटीमीटर येतो, म्हणजे साधारण २४० पिक्सेल. आता पासपोर्ट साइज फोटो बघा. त्यात चेहरा अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन केला तर तोच चेहरा सहाशे-सातशे पिक्सेलचा मिळतो. म्हणजे ग्रुप फोटोत बसवताना तो मोठा करायचा नसतो, निम्म्याहून लहान करायचा असतो. लहान करताना फुटायचा प्रश्नच येत नाही. जुना छोटा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तेव्हा क्वालिटीची चिंता खरी असते. ग्रुप फोटोसाठी ती चिंता दाखवून पैसे घेतले जातात.

आणि पैसे गेले ते एक वेळ ठीक, पण त्या एनहान्समेंटने चेहराच बदलला. हे काम चेहरा सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरने होतं. ते आपल्या माणसाला ओळखत नाही. जिथे तपशील कमी दिसतो तिथे ते हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून अंदाजाने पापण्या, दात, त्वचा नव्याने भरतं. आबाजींना लहानपणी देवी आल्या होत्या, गालावर आणि कपाळावर व्रण होते. सॉफ्टवेअरला ते व्रण म्हणजे फोटोवरची घाण. सगळं पुसून गुळगुळीत गाल केले. एक भुवई थोडी वर असायची, ती दुसरीच्या बरोबरीला आणली. डोळ्यांत चमक भरली. माणूस देखणा दिसत होता, फक्त तो आमचा नव्हता.

हे आम्हाला आधी दिसलं नाही, कारण नमुना व्हॉट्सॲपवर छोट्या आकारात पाठवला आणि दुकानाचं नाव तिरकं नेमकं आबाजींच्या चेहऱ्यावरून छापलं होतं. बाकी अकरा चेहरे स्वच्छ. नमुन्यावर नाव टाकण्यात गैर काही नाही, पण ते चेहरा सोडून कपड्यांवर, फरशीवर टाकता येतं. नाव काढलेली फाइल हवी तर आणखी अठराशे, हे तेव्हा सांगितलं. एकूण सात हजार तीनशे झाले. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाले, आणि एका कागदावर आकडे लिहून दिले.

प्रिंट घरी आली. आजीने चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, "हे नाहीत ते बाप्पा. त्यांच्यासारखा कोणीतरी आणून बसवला यांनी." मग तिने मसावर बोट ठेवलं. आबाजींचा मस डाव्या गालावर, फोटोत उजव्या गालावर होता. केसांचा भांगही उलटा. याचं कारण मला नंतर कळलं. आमच्या पोर्चमध्ये सकाळचं ऊन फोटोच्या डाव्या बाजूने येत होतं, आणि बँकेच्या फोटोत स्टुडिओचा लाइट उजवीकडून होता. उजेड जुळवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चेहरा आरशासारखा उलटवणं. एका क्लिकचं काम. पण कुठलाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, आणि ज्याने पन्नास वर्षं तो चेहरा समोर पाहिला त्याला ते लगेच खुपतं. तुमच्याकडे नमुना आला की मूळ फोटो शेजारी ठेवून आधी मस, भांग, कानाची ठेवण आणि एखादा व्रण कोणत्या बाजूला आहे ते बघा.

शरीराचं तर विचारूच नका. पासपोर्ट फोटोत छातीच्या खाली काही नसतं, त्यामुळे बसलेलं शरीर कुठून तरी आणावं लागतं. दुकानाने त्यांच्या साठ्यातला कोट-टायवाला माणूस लावला. धोतर आणि पांढरा शर्ट याशिवाय आबाजींनी आयुष्यात काही घातलं नाही. बूट फरशीला टेकलेले वाटत नव्हते, कारण शेजारच्या सगळ्यांच्या पायाखाली सावली होती आणि यांच्या पायाखाली नव्हती. डोकंही आजीच्या आणि काकांच्या डोक्यापेक्षा मोठं. एका रांगेत, कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर बसलेल्या मोठ्या माणसांची डोकी जवळपास सारख्या मापाची दिसतात. प्रिंटवर पट्टी ठेवली की हा फरक कळतो.

दुरुस्ती सांगितली तर परत पैसे. मूळ फोटो मागितला तर त्यांनी एक पासपोर्ट फोटो दिला, पण कागद नवा चकचकीत आणि मागे सही नाही. त्यांनी त्यांच्याच सुधारलेल्या चेहऱ्याची प्रिंट काढून आम्हाला दिली होती. सगळ्यात जास्त राग मला याचा आला. पैसे पुन्हा मिळवता येतात, त्या सहीचा फोटो जगात एकच होता. काका दुकानात जाऊन बसले आणि ग्राहक हेल्पलाइनला तिथूनच फोन लावतो म्हणाले, तेव्हा कुठे ड्रॉवरमधून मूळ फोटो निघाला. त्याच वेळी त्यांच्या मोबाइलवर आमचा फोटो 'आधी आणि नंतर' अशी जाहिरात म्हणून टाकलेला दिसला. आजीसकट सगळं घर त्यात. समोर उभं राहून काढायला लावला.

नंतर एका ओळखीच्या फोटोग्राफरने तेच काम नीट केलं, ते कसं केलं हे सांगणं जास्त उपयोगाचं आहे. त्याने फोटो आमच्यासमोर स्कॅन करून तिथल्या तिथे परत दिला. ग्रुप फोटोची मूळ फाइल मागितली. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन बारीक होतो, म्हणून फाइल डॉक्युमेंट करून पाठवायला सांगितली. शरीरासाठी त्याने विचारलं, आबाजींच्या बांध्याचं घरात कोण आहे? धाकटे काका. आजीने आबाजींचा एक धोतर-शर्ट ठेवला होता. काकांना तो घालून त्याच पोर्चमध्ये, त्याच खुर्चीवर, पूजेच्या दिवशी फोटो काढला त्याच वेळी सकाळी बसवलं. म्हणजे कपड्यांच्या घड्या, पायाखालची सावली, फरशीवरचा उजेड सगळं खरं मिळालं. हे करायचं की नाही तेही आधी आजीला विचारलं. तिला बरं वाटलं.

चेहरा त्याने उलटवला नाही. स्टुडिओचा लाइट मऊ होता, म्हणून उजवी बाजू हाताने थोडी काळवंडली, डावी उजळली आणि हनुवटीखाली सावली आणली. लाइट एकाच बाजूने कडक असता तर हे जमलं नसतं, दुसरा फोटो शोधावा लागला असता, हे त्याने आधीच सांगितलं होतं. व्रण तसेच ठेवले. डिजिटल फोटो जास्त धारदार असतो आणि जुना मऊ, म्हणून चेहऱ्यावर आणि शरीरावर सारखेच बारीक कण दिले, नाहीतर चिकटवल्यासारखं दिसतं. मान जुळते तिथे जवळून बघितलं तर किंचित फरक कळतो. तो त्याने लपवला नाही. नमुना त्याने संगणकावर पूर्ण आकारात दाखवला, आजीला शेजारी बसवून. प्रिंटच्या मागे काकांनी वास्तुपूजनाची तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, 'आबाजी या दिवशी हयात नव्हते, स्मरणार्थ नंतर बसवले.' पुढच्या पिढीतल्या कोणी तारखांचा हिशोब लावला तर गोंधळ नको.

पहिल्या दुकानाची तक्रार आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर केली. तिथून प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ती चुकीची प्रिंट होती. तेच पुरावे जोडले. त्यामुळे चॅट पुसू नका आणि चुकीची प्रिंट रागाने फाडू नका. काम देतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: एकूण किंमत किती, पूर्ण आकाराची फाइल त्यातच येईल की नाही, मूळ फोटो कधी परत मिळेल, आणि आमचा फोटो जाहिरातीत वापरायचा नाही.