निळा ठिपका कुणाचं ऐकतो? उपग्रह, वायफाय आणि टॉवर

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एकाच दिवशी दोन प्रश्न आले. एकाला फोन बदलायचा होता. दुकानात त्याला दोन फोन दाखवले, त्यातल्या महागाच्या डब्यावर ‘एल१ + एल५’ असं छापलेलं आणि किमतीत साडेसात हजारांचा फरक. दुसरीला गाडीत नकाशा बघायला टॅब हवा होता. सिमचा घ्यावा की नुसता वायफायचा, हे ठरत नव्हतं. दोघांचंही अडलं होतं एकाच गोष्टीवर. नकाशावरचा निळा ठिपका फोन कुणाच्या भरवशावर ठेवतो, हे माहीत नव्हतं.

फोनकडे त्यासाठी तीन साक्षीदार असतात आणि प्रत्येकाला वेगळीच गोष्ट ठाऊक असते.

| | उपग्रह | वायफाय | टॉवर |
|---|---|---|---|
| काय मोजतो | वेळ, म्हणजेच अंतर | ओळखीचे राउटर | कोणत्या टॉवरची रेंज आहे |
| चांगल्या जागी चूक | सुमारे ५ मीटर | १५ ते ४० मीटर | शहरात काही शे मीटर, गावाकडे काही किलोमीटर |
| इंटरनेट लागतं का | नाही, असलं तर पटकन लागतो | बहुधा हो | बहुधा हो |
| कुठे मुका होतो | छताखाली, बोगद्यात | वस्ती नाही तिथे | रेंज नाही तिथे |

उपग्रह: अचूक, पण आभाळ हवं

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. उपग्रहाला तुमचा फोन कुठे आहे हे माहीत नसतं, आणि फोन त्याला काही पाठवतही नाही. फोन फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत दोनच गोष्टी सांगत असतात: आत्ता किती वाजले, आणि मी कुठे आहे. तो निरोप खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशिरा आला यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा निघायला हवी, पण फोनचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं असतं. ते एका मायक्रोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्यामुळे घड्याळाची चूकही गणितातच सुटते.

ऐकण्यापुरतंच काम असल्यामुळे सिम नसलं तरी चालतं, एअरप्लेन मोडमध्येही चालतं. मग रेंज नसलेल्या गावात उतरल्यावर ठिपका दहा-दहा मिनिटं का सापडत नाही? कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने देतो. एका उपग्रहाचं सगळं ऐकून व्हायला साधारण ३० सेकंद लागतात. झाडीतून चालताना मध्येच आवाज तुटला, की निसटलेल्या भागासाठी पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. इंटरनेट असेल तर हीच माहिती फोन क्षणात उतरवून घेतो आणि ती साधारण चार तास कामी येते. म्हणून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडाला जाताना आम्ही राजूरलाच, रेंज असताना, नकाशा उघडून ठिपका स्थिर होऊ देतो. पाचनईत गाडीतून उतरल्यावर मग आभाळाकडे फोन धरून उभं राहावं लागत नाही.

हा आवाज जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की फोनच्या स्वतःच्या विद्युत खरखरीपेक्षाही तो बारीक असतो. सांकेतिक नमुना आधीच पाठ असल्यामुळेच फोन तो खरखरीतून वेचून काढतो. त्यावर काँक्रीटचा स्लॅब आला, की संपलं. पण बोगद्यात निदान फोनला कळतं की काही ऐकू येत नाही. खरा घोळ होतो उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यात.

समजा तुम्ही लोअर परळला दोन टॉवरी इमारतींच्या मध्ये उभे आहात. एका उपग्रहाचा आवाज थेट आला आणि त्याचाच प्रतिध्वनी समोरच्या काचेवर आपटून ४० मीटर जास्त फिरून आला. उपग्रह वेगवेगळ्या वारंवारतांवर बोलतात, आणि एल१ व एल५ ही त्यांतल्या दोन वारंवारतांची नावं. जुन्या एल१ संकेताचा एक ठोका जवळजवळ ३०० मीटर लांबीचा असतो. त्यात ४० मीटर मागून आलेला प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळून जातो, दोघांचं मिळून एक पसरट काहीतरी ऐकू येतं आणि अंतर चुकतं. एल५चा ठोका सुमारे ३० मीटरचा. तिथे ४० मीटर मागचा प्रतिध्वनी वेगळा ओळखू येतो आणि फोन त्याला बाजूला काढू शकतो. साडेसात हजारांतला काही भाग खरोखर याचा आहे. २०१८ मध्ये शाओमीच्या एमआय ८ पासून ही सोय फोनमध्ये आली. नाविक या भारताच्या स्वतःच्या, जीपीएससारख्या यंत्रणेचे सुरुवातीचे उपग्रहही एल५ आणि एस बँडवरच बोलतात. पण फोनच्या चिपला नाविक समजत असेल तरच त्याचा उपयोग.

याची मर्यादा मात्र दुकानात कुणी सांगत नाही. थेट आवाज इमारतीने पुरता अडवला आणि फक्त प्रतिध्वनीच आला, तर एल५ही फसतो. वेगळं काढायला मूळ आवाजच नसतो. दरीच्या अरुंद नाळेतही तेच. तिथे डोक्यावरचा आभाळाचा पट्टा तेवढा दिसतो, उपग्रह सगळे एकाच बाजूला गोळा झाल्यासारखे असतात आणि छेद धड जुळत नाहीत.

वायफाय: बिनआभाळाच्या जागेचा आधार

वायफायवरून जागा कळते म्हणजे फोन कुठल्या राउटरला जोडला जातो असं नाही. आजूबाजूचा प्रत्येक राउटर आपला क्रमांक हवेत ओरडत असतो. फोन ते क्रमांक आणि कुठला किती जोरात ऐकू आला ही यादी सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरकडे कुठला राउटर कुठे आहे याची वही असते. ती वही तुमच्या-माझ्यासारख्यांच्या फोननीच भरलेली आहे: ज्यांना रस्त्यावर उपग्रह दिसत होते आणि त्याच वेळी ते राउटरही ऐकू येत होते.

म्हणून वही शिळी असली की उत्तरही शिळं. आमचे शेजारी नाशिकहून ठाण्याला आले तेव्हा राउटर सोबत आणला. नव्या इमारतीत तेव्हा दोनच बिऱ्हाडं होती. पहिले काही दिवस हॉलमध्ये बसलं की त्यांचा फोन नाशिक दाखवायचा. गॅलरीत गेलं की ठाणे. गॅलरीत आभाळ होतं, एवढंच. दाट वस्तीत असं सहसा होत नाही, कारण बाकीचे दहा राउटर त्या एकाला खोटं पाडतात. आपला राउटर गूगलच्या वहीत नकोच असेल, तर त्याच्या नावाच्या शेवटी `_nomap` लावता येतं.

अँड्रॉइडमध्ये वायफाय बंद केलं तरी `Wi-Fi scanning` चालू असेल तर फोन राउटर ऐकतच राहतो. बॅटरी वाचवायला लोक ते बंद करतात आणि मग मॉलमध्ये ठिपका भटकतो म्हणून तक्रार करतात.

टॉवर: फक्त इलाखा सांगतो

टॉवरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोनला कुठल्या टॉवरची रेंज आहे एवढं कळतं, आणि तो टॉवर वहीत कुठे आहे ते. संकेत यायला-जायला लागणाऱ्या वेळेवरून अंतराचा अंदाज निघू शकतो, पण दिशा नाही. कोकणकड्यावर उभं राहिलं की याची गंमत दिसते. तुम्ही असता अकोले तालुक्यात, पण समोर अडथळा काहीच नसल्यामुळे फोन खाली कोकणातला टॉवर पकडू शकतो आणि ठिपका कडा उतरून मुरबाडच्या बाजूला जाऊन बसतो. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ तेव्हा अख्खी दरी व्यापतं. तेच ओळखायचं लक्षण.

तिघांची बेरीज कशी होते

फोन तिघांची सरळ सरासरी काढत नाही. ज्याची चूक कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. गल्लीत उपग्रह म्हणाले ‘इथे, पण ३० मीटर इकडेतिकडे’ आणि वायफाय म्हणालं ‘तिथे, १५ मीटर इकडेतिकडे’. दोघांत ५० मीटरचं अंतर आहे असं धरा. वजन चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात, म्हणजे १ ला ४. ठिपका वायफायपासून १० मीटरवर आणि उपग्रहांपासून ४० मीटरवर पडेल, आणि फोन आता म्हणेल की माझी चूक साधारण १३ मीटर. शिवाय चालण्याची गती, वळण आणि मागची जागा हेही हिशेबात येतं. बोगद्यात काही क्षण ठिपका पुढे सरकत राहतो तो याच जोरावर.

गोम अशी, की ‘१५ मीटर’ हे वायफायने स्वतःच सांगितलेलं असतं. वही शिळी असेल तर तो साक्षीदार आत्मविश्वासाने खोटं बोलतो आणि बेरीज त्याच्याच बाजूला झुकते. अँड्रॉइडमधलं फिकट वर्तुळ तर मुळातच ६८ टक्के खात्रीचं असतं. म्हणजे सगळं ठीक असतानाही तीनदा बघितलं, तर साधारण एकदा तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता.

मग घ्यायचं काय

सह्याद्रीत भटकणाऱ्याला वायफाय आणि टॉवर जवळजवळ एकदमच सोडून जातात, कारण दोघांची वही इंटरनेटच्या पलीकडे असते. उरतो उपग्रह, आणि उघड्या माळावर साधा एल१चा फोनही पाच मीटरच्या आसपास सांगतो. पहिल्याला मी म्हटलं, तू फक्त ट्रेकसाठी घेत असशील तर साडेसात हजार पॉवर बँक आणि आधीच उतरवून ठेवलेल्या नकाशांवर घाल. पण तो रोज दुचाकीवरून परळ-वरळीत सामान पोचवतो, आणि उड्डाणपुलावर आहे की पुलाखाली याचा रोज घोळ होतो. वर-खालीचा प्रश्न एल५नेही हमखास सुटत नाही. शेजारच्या रस्त्यावर उडी मारणारा ठिपका मात्र कमी होईल. त्याच्यासाठी महागाचा फोन पटण्यासारखा आहे. घेण्याआधी दुकानाबाहेर, मोकळ्या आभाळाखाली, `GPSTest` हे ॲप उघडून बघ म्हटलं. प्रत्येक उपग्रहापुढे L1 की L5 ते दिसतं, आणि `C/N0`, म्हणजे खरखरीच्या तुलनेत आवाज किती जोरात येतो, त्याखालचा आकडा ३५ ते ४५ असेल तर आवाज खणखणीत आहे. विशीच्या खाली असेल तर त्या जागी कुठल्याच फोनकडून फार अपेक्षा नको.

टॅबचं उत्तर सोपं निघालं. तिला आयपॅड हवा होता, आणि वायफायच्या आयपॅडमध्ये उपग्रह ऐकणारा भागच नसतो; तो फक्त सिमच्या मॉडेलमध्ये येतो. शहरात घरी बसून फरक कळणार नाही, पण माळशेज घाटात वायफायवाला टॅब आंधळा. इतर कंपन्यांच्या बऱ्याच बिनसिमच्या टॅबमध्ये जीपीएस असतं, तेव्हा तिथे माहितीपत्रक वाचून ठरवावं. तिने सिमचा घेतला. सिम अजून टाकलेलं नाही.