नियमित आरोग्य विमा की दिव्यांगांसाठीची खास पॉलिसी: प्रतीक्षा कालावधीची कलमे कशी वाचावीत

मणक्याच्या दुखापतीनंतर दोन्ही पाय निकामी झालेली आणि ८० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेली ३४ वर्षांची व्यक्ती आरोग्य विमा घेऊ पाहते, तेव्हा तिच्यापुढे साधारणपणे दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे नेहमीची पॉलिसी, अर्थात कंपनीने प्रस्ताव स्वीकारला तर. दुसरा म्हणजे विमा नियामक आयआरडीएआयने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना उपलब्ध करून देण्यास सांगितलेली, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठीची खास पॉलिसी. या दोहोंतील निवड हप्त्याच्या आकड्यावरून करू नये. ती वगळणुकीची कलमे शेजारी ठेवून वाचल्यावरच करावी.

पॉलिसीच्या पीडीएफमध्ये Excl01 हा संकेत शोधावा. पूर्वीपासून असलेल्या आजाराचे कलम बहुतेक पॉलिसींत याच संकेताखाली, जवळपास सारख्याच शब्दांत छापलेले असते. २०२४ च्या नियमांनुसार हा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. मात्र या कलमातील सर्वांत महत्त्वाचे शब्द महिन्यांचे नाहीत. पूर्वीचा आजार ‘आणि त्यामुळे थेट उद्भवणारी गुंतागुंत’ यांचा खर्च त्या काळात मिळणार नाही, असे तेथे म्हटलेले असते. पाय निकामी झालेल्या माणसाला रुग्णालयात जावे लागते ते बहुधा पायांसाठी नव्हे, तर कॅथेटरमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी किंवा सतत बसून व पडून होणाऱ्या जखमांसाठी, ज्यांना आपण शय्याव्रण म्हणतो. डिस्चार्ज कार्डावर संसर्गाबरोबर मूळ दुखापतीचाही उल्लेख असतो, आणि त्या एका ओळीवरून दावा ‘थेट गुंतागुंत’ ठरू शकतो.

खास पॉलिसीत दिव्यांगत्वासाठी वेगळा, बहुधा २४ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो. त्याखेरीज मधुमेहासारख्या इतर जुन्या आजारांना Excl01 चा लांब कालावधी लागू राहतो. विमा रक्कम बहुधा ४ किंवा ५ लाखांपुरतीच मर्यादित असते आणि काही पॉलिसींत प्रत्येक दाव्यावर २० टक्के को-पे असतो, म्हणजे तेवढा वाटा रुग्णानेच भरायचा.

आता नियमित पॉलिसीत ३६ महिन्यांची अट, खास पॉलिसीत २४ महिने आणि २० टक्के को-पे असे धरून, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाल्या असे मानू. पाचव्या महिन्यात डेंग्यू झाला, तर पहिल्या ३० दिवसांची सर्वसाधारण प्रतीक्षा संपलेली असल्याने आणि डेंग्यूचा दुखापतीशी संबंध नसल्याने दोन्हीकडे दावा चालेल. आठव्या महिन्यात कॅथेटरचा संसर्ग झाला, तर दोन्हीकडे नकाराची तयारी ठेवावी. सत्ताविसाव्या महिन्यात शय्याव्रणाची शस्त्रक्रिया होऊन दीड लाखाचे बिल आले, तर खास पॉलिसीतून १ लाख २० हजार मिळतील, नियमितमधून काहीच नाही. तेच बिल चाळिसाव्या महिन्यात आले, तर नियमित पॉलिसी, इतर मर्यादा आड न आल्यास, पूर्ण दीड लाख देईल आणि खास पॉलिसी पुन्हा १ लाख २० हजारच देईल. खास पॉलिसीचा खरा फायदा म्हणजे मधले १२ महिने. त्याची किंमत दर दाव्यातील तो पाचवा हिस्सा आणि विमा रकमेची मर्यादा आहे.

म्हणून नियमित पॉलिसी लेखी मंजुरीसह आणि दुखापत कायमची न वगळता मिळत असेल, तर तरुण, सध्या स्थिर प्रकृती असलेल्या माणसाने तीच घ्यावी, असे माझे मत आहे. मंजुरीपत्रात ‘कायमस्वरूपी वगळणूक’ असे कलम घालून सही मागितली, तर ३६ महिन्यांच्या आश्वासनाला अर्थ उरत नाही. तेव्हा खास पॉलिसीच योग्य. जखमा वारंवार चिघळत असतील, तरीही २४ महिन्यांचीच वाट धरावी.

Excl05 मात्र दोन्हीकडे सारखेच वाचावे लागेल: पुनर्वसन, तसेच अंघोळ, कपडे बदलणे अशा रोजच्या कामांतील मदत तेथे वगळलेली असते आणि तिला प्रतीक्षा कालावधी नसतो, ती कधीच मिळत नाही. घरी येणारा परिचारक किंवा व्हीलचेअर यांचा खर्च विम्याच्या भरवशावर सोडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रस्ताव अर्जात ‘पाय निकामी’ एवढेच लिहून थांबू नये. प्रतीक्षा संपल्यानंतरचे संरक्षण, अर्जात सांगितलेल्या आणि कंपनीने स्वीकारलेल्या आजारापुरतेच असते, असेही Excl01 मध्ये लिहिलेले असते. मूत्राशयावरील नियंत्रण गेले आहे, कॅथेटर वापरतो, पूर्वी जखमा झाल्या होत्या, हे सारे नोंदवावे. खास पॉलिसी घेताना कंपनीला ईमेलने एक प्रश्न अवश्य विचारावा: मूत्राशयाच्या त्रासातून पुढे मूत्रपिंडाचा विकार झाला, तर त्याला दिव्यांगत्वाचे २४ महिने लागू होतील की जुन्या आजाराचे ३६? हप्ता भरण्याआधी आलेले उत्तर पॉलिसीच्या कागदांबरोबर जपून ठेवावे, कारण दावा नाकारला गेला तर विमा लोकपालापुढे ते मांडता येते.