फोटोवरून सीमा सोडवणारे ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर दाखवणारे एक ॲप मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. त्यात अनेक विषय असले, तरी माझा वापर जवळजवळ एकाच प्रकारापुरता राहिला आहे. ज्या सीमांमध्ये x ची किंमत थेट घातली तर 0/0 किंवा ∞ − ∞ असे अनिर्धार्य रूप येते, अशा उदाहरणांपुरता. म्हणून हा अभिप्रायही तेवढ्याच भागाबद्दल आहे. समीकरणे किंवा संकलन हे ॲप कसे सोडवते याविषयी मी येथे काही म्हणणार नाही.

निष्कर्ष आधीच सांगतो. एकदा गणित बरोबर वाचले गेले की हे ॲप उत्तर सहसा चुकत नाही. अडचण आहे ती वाचण्यात, आणि अनिर्धार्य रूपांच्या बाबतीत ही अडचण इतर विषयांपेक्षा अधिक फसवी ठरते, कारण चुकीचे वाचलेले गणितही बऱ्याचदा 0/0 याच रूपात येते आणि त्यामुळे वरवर पाहता काही बिनसले आहे असे वाटतच नाही. हे एका उदाहरणावरून नीट दिसेल. x → 0 असताना पुढील राशीची सीमा काढायची आहे.

```
(√(1+2x) − 1 − x) / x²
```

x = 0 घातल्यास अंशात 1 − 1 − 0, म्हणजे शून्य, आणि छेदातही शून्य मिळते. येथे अनुबद्ध राशीने गुणण्याची रीत उत्तम चालते, मात्र अंशाची जोडी कशी पाडायची हे आधी ठरवावे लागते. वर्गमूळ एका बाजूला ठेवून 1 + x ही दुसऱ्या बाजूची एकच राशी मानली, तर अनुबद्ध राशी √(1+2x) + (1+x) अशी होते. तिने अंश आणि छेद दोन्ही गुणले की अंशात (1+2x) − (1+x)² उरते, आणि कंस उलगडल्यावर त्यातले 1 आणि 2x दोन्ही जाऊन केवळ −x² शिल्लक राहते. छेदातला x² त्याच्याशी कटतो आणि उरते ते असे:

```
−1 / (√(1+2x) + 1 + x)
```

आता x = 0 घालण्यात काहीच अडचण नाही; उत्तर −1/2 येते. ॲपला मी अनुबद्ध रीत निवडून दिली तेव्हा त्याने अगदी याच पायऱ्या दाखवल्या आणि 1 + x ही एकत्र धरायची राशी आहे हेही त्याने स्वतःच ओळखले. नव्याने शिकणारे अनेक जण येथे √(1+2x) − 1 एवढ्याचीच अनुबद्ध राशी घेतात आणि मग उरलेल्या −x चे काय करायचे या प्रश्नात अडकतात, त्यामुळे ही गोष्ट मला दाद देण्यासारखी वाटली.

परंतु हे सर्व छापील आणि स्वच्छ उजेडात घेतलेल्या फोटोच्या बाबतीत. हेच उदाहरण हाताने लिहून दिले, तेव्हा वर्गमूळाच्या चिन्हावरची आडवी रेघ कोठे संपते यावर सगळे अवलंबून राहिले. रेघ आखूड पडली, तर ॲप वर्गमूळ केवळ 1 चे आहे असे धरते. मग अंश 1 + 2x − 1 − x, म्हणजे नुसता x होतो, राशी 1/x होते आणि सीमा अस्तित्वात नाही असे उत्तर मिळते. रेघ थोडी लांबून पुढच्या 1 वर गेली, तर अंश √(2x) − x असा वाचला जातो आणि उजवीकडून शून्याकडे येताना राशी अनंताकडे जाते. डावीकडे तर वर्गमूळालाच वास्तव किंमत उरत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की दोन्ही चुकीच्या वाचनांत x = 0 घातल्यावर 0/0 च येते. म्हणजे ‘आधी किंमत घालून रूप तपासा’ ही नेहमीची सवय येथे वाचनातली चूक पकडून देत नाही.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. फोटो घेतल्यावर ॲप स्वतःला समजलेले गणित टाइप केलेल्या स्वरूपात वर दाखवते, पण त्याखाली उत्तर लगेच उमटत असल्याने नजर तेथेच जाते. ती आवरून प्रथम वरची ओळ पाहावी, आणि तीही डावीकडून उजवीकडे सलग न वाचता तीनच ठिकाणी थांबून पाहावी : वर्गमूळाखाली नेमके काय आहे, घातांक खाली उतरून नुसता अंक तर झालेला नाही ना, आणि बाणाच्या टोकाशी असलेल्या किमतीचे चिन्ह टिकले आहे का. ओळ दुरुस्त करण्याची सोय ॲपमध्ये आहे आणि ती बऱ्यापैकी चांगली आहे. वाकड्या अक्षरातल्या गणिताचा पुन्हा पुन्हा फोटो काढण्यापेक्षा एकदा हाताने दुरुस्ती करणे केव्हाही लवकर होते.

दुसरी तपासणी संख्येने करता येते. वरच्या राशीत x = 0.01 घातले, तर √1.02 ची किंमत सुमारे 1.0099505 येते, त्यातून 1.01 वजा करून 0.0001 ने भागले की −0.495 च्या आसपास उत्तर मिळते, आणि −1/2 शी ते जुळते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. अधिक अचूक उत्तर हवे म्हणून x = 0.00000001 घालण्याचा मोह होतो, पण तेव्हा अंशातला फरक इतका सूक्ष्म होतो की साधारण पंधरा-सोळा अंक धरणाऱ्या गणकयंत्राला तो दिसतच नाही आणि ते शून्य किंवा भलतीच संख्या दाखवते. या कामासाठी 0.01 किंवा 0.001 पुरेसे आहे.

आता रीतीच्या निवडीविषयी. ॲपवर सोडून दिले, तर 0/0 दिसताच ते लोपितालचा नियम लावते, म्हणजे अंश आणि छेद यांची वेगवेगळी विकलजे घेते. हा नियम 1696 पासून छापील स्वरूपात आहे आणि त्याची पात्रता निर्विवाद आहे, परंतु ज्यांच्या अभ्यासक्रमात विकलन अजून यायचे आहे त्यांना ते उत्तर वहीत लिहिता येत नाही. शिवाय sin x / x या सीमेसाठी तो नियम वापरणे म्हणजे वर्तुळात फिरणे होय, कारण sin x चे विकलज cos x आहे हे सिद्ध करतानाच ती सीमा आधी वापरलेली असते. ॲप तेथेही निर्धास्तपणे नियम लावून 1 हे उत्तर देते. उत्तर बरोबर आहे. सिद्धता म्हणून ते स्वीकारता येणार नाही. उत्तराखालच्या ‘इतर रीती’ या पर्यायात अवयव, अनुबद्ध आणि श्रेणी असे पर्याय मिळतात, मात्र तो दर वेळी उघडावा लागतो, कारण एकदा केलेली निवड ॲप लक्षात ठेवत नाही. ही गैरसोय मला आजही खटकते.

बहुपदींच्या भागाकारात अवयव पाडण्याच्या रीतीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. x → 2 असताना (x³ − 8)/(x² − 4) दिले, तर ॲप (x − 2) हा समान अवयव काढून 12/4, म्हणजे 3 हे उत्तर देते, आणि x हा 2 च्या बरोबर नसल्यामुळेच तो अवयव कापता येतो हेही एका ओळीत नोंदवते.

श्रेणीच्या रीतीचा अनुभव अधिक रंजक आहे. x → 0 असताना (tan x − sin x)/x³ हे उदाहरण घ्या. tan x आणि sin x या दोहोंच्या श्रेणींचे पहिले पद x च आहे, म्हणून केवळ तेवढ्यावर थांबले तर अंश शून्य होतो आणि सीमा 0 आहे असा खोटा समज होतो. छेदात x³ असल्यामुळे x³ पर्यंतची पदे घ्यावीच लागतात : tan x मधून x + x³/3 आणि sin x मधून x − x³/6. वजाबाकीत x जातो, x³/3 + x³/6 म्हणजे x³/2 उरते, आणि सीमा 1/2 मिळते. ॲप पुरेशी पदे घेते यात शंका नाही, पण किती पदे घ्यायची हे कशावरून ठरवले ते सांगत नाही आणि पुढची पदे नुसत्या टिंबांनी दाखवते. शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. छेदाचा घातांक पाहायचा, अंशात त्या घातापर्यंत सर्व काही लिहायचे, आणि तेथवर सगळी पदे कटली तर सीमा 0 आहे असे धरायचे, एवढे वाक्य त्या पायरीशेजारी असते तर फार उपयोग झाला असता. याच उदाहरणात tan x हा समान अवयव बाहेर काढला, तर (tan x / x) · ((1 − cos x) / x²) असे दोन ओळखीचे भाग मिळतात आणि 1 × 1/2 हे उत्तर श्रेणीशिवायच हाती येते. ॲपने ही वाट मला कधी सुचवली नाही. उलट, आपणहून सोडवताना ते तीन वेळा विकलजे घेऊन sec x च्या लांबलचक राशी मांडत बसते.

शेवटचा मुद्दा ∞ − ∞ या रूपाचा. x → −∞ असताना √(x² + x) + x ची सीमा काढताना अनुबद्ध राशीने गुणल्यावर x / (√(x² + x) − x) मिळते. पुढच्या पायरीत वर्गमूळातून x² बाहेर काढताना तो |x|, म्हणजे येथे −x होतो, आणि म्हणूनच उत्तर −1/2 येते. ते चिन्ह विसरले, तर छेद शून्याकडे जातो आणि उत्तर अनंत वाटू लागते. ॲपचे उत्तर बरोबर असते, परंतु ही पायरी ते ‘सरळ रूप द्या’ या एका ओळीत मिटवून टाकते. ती ओळ दाबून उघडल्याखेरीज |x| दिसत नाही, म्हणून या प्रकारात मी ती प्रत्येक वेळी उघडतो. आणि फोटोत −∞ चे वजा चिन्ह निसटले, तर राशी अनिर्धार्य राहतच नाही. ॲप एका ओळीत ∞ असे लिहून मोकळे होते. अनुबद्ध रीतीसाठी दिलेल्या उदाहरणाला एका ओळीचे उत्तर आले, की मी पायऱ्यांकडे न वळता थेट बाणाच्या टोकाकडे पाहतो.